बाबांच्या जागी आईचं नाव लावा : सोसायटीच्या व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी लहानपणापासून काका-काकू म्हणत आले आहे. सोसायटीचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही आणि तुमच्यापैकी कुणाचंही लिहिणार नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. पण ही तक्रार मी सोसायटीच्या कचेरीत तोंडी मांडली, लेखी मांडली, आणि उत्तर मिळालं नाही. म्हणून आता ती सगळ्यांसमोर मांडते आहे. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या बायको-मुलांची अशीच अडवणूक होते. हे पत्र अशा घरांतल्या माणसांनीही वाचावं आणि त्यांच्या समितीनेही वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

आमची हकिकत थोडक्यात अशी. बाबा गेल्या वर्षी गेले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, त्यांच्या पगारातून आणि कर्जातून घेतलेला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सोसायटी स्थापन झाली तेव्हा त्यांनी नॉमिनेशनचा फॉर्म भरला होता आणि त्यात माझ्या धाकट्या भावाचं नाव घातलं होतं, तेव्हा तो शाळेत होता. आज तो नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो, मी लग्न होऊन चिंचवडला. फ्लॅटमध्ये आई राहते, आणि माझी आजी, म्हणजे बाबांची आई, तीही तिथेच राहते. आजीचं वय ८९ आहे.

आमच्यात वाद नाही. बाबांचा फ्लॅट आईच्या नावावर व्हावा हे आम्ही चौघांनी एकत्र बसून ठरवलं. त्यासाठी लागणारा दस्त केला, नोंदवला, आणि अर्जासोबत तुमच्याकडे दिला. तरीही आज शेअर सर्टिफिकेटच्या पुढच्या बाजूला बाबांचं नाव आहे आणि मागच्या बाजूचा हस्तांतरणाचा तक्ता कोरा आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती अजून बाबांच्या नावाने येते. आई ती दर महिन्याला भरते.

आता माझे मुद्दे.

पहिला मुद्दा नॉमिनीचा. तुमचं पहिलं उत्तर होतं, ‘‘नॉमिनी मुलगा आहे, फ्लॅट त्याचा झाला, आम्ही त्याचं नाव लावतो, आईच्या नावाचा प्रश्न येतोच कुठे?’’ हे उत्तर कायद्याला धरून नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर मला जरा सविस्तर लिहावं लागेल.

नॉमिनेशन म्हणजे मालकी देणं नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने तातडीने कुणाशी व्यवहार करावा, बिल कुणाला पाठवावं, नोटीस कुणाला द्यावी, हे ठरवण्यासाठी ते नाव असतं. मालक कोण हे वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतं. मुंबई उच्च न्यायालयाने हे घाटनेकर खटल्यात पूर्वीच सांगितलं. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंद्राणी वाही यांच्या खटल्यात, जो पश्चिम बंगालमधल्या सोसायटीचा होता, सोसायटीने नॉमिनीच्या नावे नोंद केली पाहिजे असं सांगितलं. त्या निकालाचा तेवढाच अर्धा भाग आपल्याकडे फिरतो. त्याच निकालात पुढे हेही आहे की, अशी नोंद झाली तरी घरातल्या इतर वारसांना आपला हक्क मागायची मोकळीक राहते.

आणि महाराष्ट्रापुरता तर हा घोळ २०१९ मध्येच संपला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घालण्यात आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ सभासदाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाबद्दल आहे. त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्या असं म्हटलं आहे. तात्पुरता कधीपर्यंत, तर खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला फ्लॅट मिळाला तो माणूस सभासद होईपर्यंत. म्हणजे आमच्या बाबतीत भाऊ फार तर मधल्या काळापुरता तात्पुरता सभासद. आईची नोंद झाली की त्याचं ते काम संपलं.

तुम्ही म्हणाल, घरात भांडण नाही तर मुलाच्या नावावर झालं काय आणि आईच्या नावावर झालं काय, फरक काय पडतो? फरक खूप पडतो. बाबा मृत्युपत्र न करता गेले. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे त्यांचे पहिल्या वर्गातले वारस चार : पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. चौघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी एक चतुर्थांश. यात गेलेल्या माणसाची आई हयात असेल तर तीही वारस असते, हे बहुतेक लोकांना ठाऊक नसतं. तुम्ही आम्हाला दिलेल्या छापील फॉर्मवरही ‘पत्नी व मुले’ एवढेच रकाने होते. आजीचं नाव आम्ही खाली पेनाने लिहून दिलं.

तुम्ही सुचवलंत तसं भावाचं नाव एकट्याचं, कायमचा सभासद म्हणून लावलं असतं, तर आईचा, आजीचा आणि माझा हिस्सा कागदावर कुठेच दिसला नसता. उद्या दुर्दैवाने भावाचं काही बरंवाईट झालं असतं, तर त्याच्या बायकोला आणि लहान मुलांना त्या नोंदीच्या आधारे अर्ज करावा लागला असता, आणि ज्या घरात आई चाळीस वर्षं संसार करते आहे तिथे ती एक वारस म्हणून रांगेत उभी राहिली असती. भाऊ स्वतःच हे नको म्हणाला. त्याने तसं लेखी दिलं आहे, ते तुमच्याकडे आहे.

दुसरा मुद्दा कागदांचा, आणि माझी मुख्य तक्रार इथे आहे.

आम्ही काय केलं ते वाचकांसाठी सांगते, कारण ज्यांच्या घरात एकमत आहे त्यांच्यासाठी हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे. आजी, भाऊ आणि मी, तिघांनी आपापला एक चतुर्थांश हिस्सा आईच्या लाभात सोडला आणि तसं हक्कसोडपत्र केलं. जवळच्या नात्यात, पैसे न घेता केलेल्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. पण तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर सह्या करून भागत नाही, कारण त्यात स्थावर मिळकतीचा हक्क सोडला जातो. आजीला जिना उतरता येत नाही. अशा माणसाच्या घरी येऊन दस्त नोंदवून घेण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. त्याप्रमाणे रीतसर अर्ज केला, अधिकारी घरी आले, त्यांनी आजीला समोर बसवून विचारलं की तुम्ही कशावर सही करता आहात हे कळतंय ना, आणि मग तिचा अंगठा घेतला. आजी चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण आता हात कापतो म्हणून अंगठा. ‘‘माझ्या मुलाचं घर माझ्या सुनेला जातंय, मला सगळं कळतंय,’’ असं तिने त्यांना सांगितलं.

या नोंदणीकृत हक्कसोडपत्राबरोबर आम्ही काय काय दिलं? मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, आईचा सभासदत्वाचा अर्ज, वारसांची वंशावळ आणि त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र, आणि आईचं नुकसानभरपाईचं हमीपत्र, ज्याला आपण इंडेम्निटी बाँड म्हणतो. पुढे तुम्ही म्हणालात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. खरं म्हणजे उपविधींमध्ये ती जाहिरात नॉमिनेशन केलेलंच नसेल अशा सभासदासाठी सांगितली आहे. तरी आम्ही हरकत घेतली नाही. समितीला खात्री करून घ्यायची असेल तर घ्यावी. दोन वर्तमानपत्रांत नोटीस आली, सोसायटीच्या फलकावर लागली, मुदत संपली. कुणाचाही दावा किंवा हरकत आली नाही.

यानंतर तुमची मागणी आली : कोर्टातून वारस दाखला आणा. त्याआधी काही दिवस ती प्रोबेटची होती. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेणं. बाबांनी मृत्युपत्रच केलं नव्हतं, मग प्रोबेट कशाचं आणायचं? (आणि ज्यांच्याकडे मृत्युपत्र आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं की, प्रोबेटची कायदेशीर सक्ती पुण्यातल्या माणसाच्या पुण्यातल्या मिळकतीला कधीच नव्हती. ती मुंबईसारख्या काही शहरांच्या हद्दीपुरती होती.) हे लक्षात आणून दिल्यावर तुम्ही प्रोबेटचा हट्ट सोडला आणि वारस दाखल्याचा धरला.

कलम १५४ब-१३ पुन्हा वाचा, अशी माझी विनंती आहे. त्यात समितीने कोणत्या कागदाच्या आधारे हस्तांतरण करायचं ते सांगितलं आहे : मृत्युपत्र, किंवा सक्सेशन सर्टिफिकेट, किंवा वारस दाखला, किंवा जे वारस आहेत त्यांनी आपसात केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त. प्रत्येक दोन कागदांच्या मध्ये ‘किंवा’ आहे. यातला एक कागद पुरेसा आहे. सर्व वारसांनी सही केलेला, सरकारी अधिकाऱ्यासमोर नोंदवलेला दस्त हातात असताना समितीने यादीतला दुसरा कागद मागावा, याला आधार कोणता?

शिवाय तुम्ही जो दाखला मागता आहात त्याने आमचं काम होणारही नाही. कोर्टाचा वारस दाखला मिळतो तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. त्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालय नोटीस काढतं, हरकतींची वाट पाहतं, साक्ष होते, आणि मग दाखला मिळतो. वकिलाची फी वेगळी आणि महिनोन्‌महिने वेगळे. एवढं करून त्या दाखल्यात काय लिहिलेलं असेल? गेलेल्या माणसाचे वारस हे चौघे आहेत, एवढंच. आईचं एकटीचं नाव लावायचं तर त्यानंतरही बाकीच्या तिघांचं हक्कसोडपत्र लागेलच, आणि ते तर आधीपासून तुमच्या फायलीत आहे. सक्सेशन सर्टिफिकेटची गोष्ट आणखी वेगळी. ते मुख्यतः बँकेतल्या ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी असतं. आणि तहसील कचेरीतून निवृत्तिवेतनासारख्या कामांसाठी मिळतो तो दाखला तिसराच. आमच्याशी बोलताना तुमच्यापैकी वेगवेगळ्या लोकांनी हे तिन्ही कागद ‘वारस दाखला’ याच नावाने मागितले. नेमका कोणता हवा आहे हे लेखी सांगा, असं मी म्हटलं, ते अजून मिळालेलं नाही.

वारस दाखला कधी मागावा? वारस कोण हेच स्पष्ट नसेल तेव्हा. घरातला कुणी सही करायला तयार नसेल तेव्हा. दुसरं लग्न, दत्तक, बेपत्ता झालेला मुलगा, असा काही गुंता असेल तेव्हा. तेव्हा समितीने थांबणं योग्यच आहे. मालकीचा निवाडा करणं हे समितीचं काम नाही, ते कोर्टाचं. अशा वेळी नॉमिनीला तात्पुरता सभासद करावं आणि वारसांना कोर्टात जायला सांगावं. पण आमच्या घरात यातलं काहीच नाही. नसलेला वाद गृहीत धरून तुम्ही आम्हाला कोर्टात पाठवता आहात.

अध्यक्षकाका, तुम्ही एकदा मला म्हणालात, ‘‘उद्या कुणी उभा राहिला तर आमच्या अंगावर येईल.’’ ही भीती मी समजू शकते. तुम्ही सगळे विनामोबदला काम करता, नोकरी-धंदा सांभाळून करता. पण त्याच भीतीसाठी हमीपत्र घेतलं जातं. उद्या कुणी दावा घेऊन आला तर त्याची जबाबदारी आई घेते, सोसायटीला होणारं नुकसान ती भरून देते, असं तिने त्यात लिहून दिलं आहे. नोटीस, प्रतिज्ञापत्र, नोंदणीकृत दस्त आणि हमीपत्र एवढं घेतल्यावर समितीने चांगल्या हेतूने केलेल्या नोंदीबद्दल घाबरायचं कारण उरत नाही.

आता उशिराबद्दल. ‘‘एवढी घाई कशाला, आई राहतेच आहे ना घरात,’’ असं तुम्ही म्हणता. घाईचं कारण आजी आहे. समजा आम्ही हक्कसोडपत्र केलंच नसतं आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे कोर्टाच्या दाखल्याची वाट पाहत बसलो असतो, आणि त्या काळात आजी गेली असती. तर तिचा एक चतुर्थांश हिस्सा तिच्या वारसांकडे गेला असता. तिचे वारस म्हणजे माझे काका, माझी आत्या, आणि बाबा आधीच गेल्यामुळे त्यांच्या जागी भाऊ आणि मी. काकांना फ्लॅटचा एक बारांश, आत्याला एक बारांश, आणि उरलेल्या एक बारांशातला अर्धा अर्धा आम्हा दोघांना. आईला त्यातलं काहीच नाही, कारण सून त्या यादीत येत नाही. मग काका आणि आत्या यांच्याही सह्या लागल्या असत्या. काका अमेरिकेत असतात. त्यांचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावं लागलं असतं. उद्या त्या दोघांपैकी कुणी गेलं की त्यांची मुलं आली. एका फ्लॅटचे चार वारस असताना जे काम एका दस्तात झालं, तेच काही वर्षांनी दहा जणांच्या सह्यांवर जातं. वारस नोंदीला उशीर झालेल्या जुन्या इमारतींत नेमकं हेच होतं. एखाद्या फ्लॅटच्या मालकांची यादी इतकी लांबते की शेवटी फ्लॅट कुलूपबंद पडून राहतो. समितीला वाटतं आपण सावध राहिलो, पण उशिराने धोका वाढतो, सोसायटीचाही.

तिसरा मुद्दा पैशांचा. हस्तांतरणासाठी ‘बिल्डिंग फंड’ म्हणून २५,००० रुपये भरावे लागतील असं खजिनदारांनी तोंडी सांगितलं. हा आकडा कुठून आला हे सगळ्यांना माहीत आहे. महापालिका हद्दीत फ्लॅट विकला जातो तेव्हा सोसायटीने जास्तीत जास्त किती हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम घ्यावा, याची मर्यादा सरकारने ९ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने २५,००० रुपये ठरवली आहे. पण सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावे हस्तांतरण होतं तेव्हा ते प्रीमियम घ्यायचंच नाही, असं त्याच व्यवस्थेत स्पष्ट आहे. दुसऱ्या नावाने, देणगी किंवा फंड म्हणूनही घ्यायचं नाही. वारसाकडून घ्यायचे ते हस्तांतरण शुल्काचे ५०० रुपये आणि प्रवेश शुल्काचे १०० रुपये. ते आम्ही अर्जासोबत धनादेशाने दिले आहेत. धनादेश अजून वटवलेला नाही.

मी या रकमेची लेखी मागणी द्या म्हटल्यावर तो विषय थांबला. पण आमच्या इमारतीतच यापूर्वी दोन घरांनी ते पैसे भरले आहेत. एका घरातल्या काकूंनी मला सांगितलं की, त्यांनी तेव्हा विचारलंही नाही, कारण नवरा जाऊन महिना झाला होता आणि कुणाशी वाद घालायची ताकद नव्हती. त्या दोन्ही कुटुंबांचे पैसे परत करावेत.

चौथा मुद्दा पोचेचा. अर्ज घेऊन आले तेव्हा सचिवांनी तो ठेवून घेतला, पण दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का द्यायला नकार दिला. ‘‘आधी समितीत ठेवू, मग पोच देऊ.’’ असं करू नका. अर्जावर तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवायचा असतो, आणि नाकारायचा असेल तर कारणांसह लेखी कळवायचं असतं. पोच न देण्याने ती मुदत सुरूच होत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर ते बरोबर नाही. आम्ही तोच अर्ज सगळ्या कागदांच्या प्रतींसह स्पीड पोस्टाने पोचपावती जोडून पाठवला आहे. पोचपावती परत आली आहे आणि तिच्यावर सोसायटीच्या कचेरीतली सही आहे. तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातील. ज्या वाचकांचा अर्ज घेतलाच जात नाही, त्यांनीही हेच करावं आणि एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात देऊन तिथली पोच घ्यावी. मुदतीत काहीच कळवलं नाही तर सभासद मानून घ्यावं म्हणून दाद तिथेच मागायची असते.

पाचवा मुद्दा मी शेवटी ठेवला आहे, पण आईला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पुनर्विकासाच्या विषयावर विशेष सर्वसाधारण सभा झाली. इमारत पाडायची की नाही, कुणाला काम द्यायचं, प्रत्येक फ्लॅटला किती क्षेत्र वाढवून मिळणार, भाडं किती, अशा सगळ्या गोष्टी तिथे ठरणार होत्या. आई सभेला गेली. दारात हजेरीचं रजिस्टर होतं. तिला सांगण्यात आलं की तुमचं नाव लागलेलं नाही, तुम्हाला सही करता येणार नाही, पाठीमागे बसून ऐका हवं तर. जिने या इमारतीत पाण्याच्या टाकीच्या वर्गणीपासून गणपतीच्या प्रसादापर्यंत सगळं केलं, ती बाई तशीच घरी परत आली. त्याच रजिस्टरवर बाबांच्या नावापुढे ‘मयत’ असं लिहिलेलं होतं.

नोंद तुम्ही अडवायची आणि नोंद नाही म्हणून सभेतून परत पाठवायचं, हे मला मान्य नाही. पुनर्विकासाचा करार होईल तेव्हा प्रत्येक फ्लॅटच्या सभासदाशी विकसकाचा स्वतंत्र करारनामा होतो, आणि नवीन फ्लॅट त्याच नावावर नोंदवला जातो. ज्या फ्लॅटला त्या दिवशी सभासदच नाही, त्याची संमती कोण देणार, करारावर सही कोण करणार, भाड्याचा धनादेश कुणाच्या नावाने निघणार? ज्या अडचणीची तुम्हाला पुढे भीती वाटते ती तुम्ही आजच तयार करता आहात. आणि ही एकट्या आमच्या घराची अडचण नाही. आमच्या इमारतीत आज आणखी काही फ्लॅट असे आहेत जिथे मूळ सभासद वारले आहेत आणि पावती अजून त्यांच्याच नावाने निघते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

आईचा अर्ज समितीच्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्या आणि ठराव करा. मंजूर करायचा असेल तर शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाची नोंद करून अध्यक्ष, सचिव आणि समिती सभासद यांच्या सह्या करा, सभासद नोंदवहीच्या ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यात आईचं नाव घ्या. सर्टिफिकेट तिच्या हातात मिळाल्याशिवाय महापालिकेच्या मिळकत कराच्या आणि महावितरणच्या बिलावर नाव बदलण्याचं कामही अडून राहतं. नामंजूर करायचा असेल तर कारणं आणि ज्या कलमाचा आधार घेतला ते कलम लेखी द्या. आम्ही उपनिबंधकांकडे दाद मागू. तोंडी नकार यापुढे आम्ही स्वीकारणार नाही.

निर्णय होईपर्यंत सोसायटीची प्रत्येक नोटीस, आणि पुनर्विकासाचा प्रत्येक कागद, आईच्या नावाने द्या आणि तिला सभेत बसून बोलू द्या.

यापूर्वी वारसांकडून घेतलेले प्रीमियमचे पैसे, मग ते कोणत्याही नावाखाली घेतले असोत, परत करा.

सूचना फलकावर कायमचा एक कागद लावा. सभासद वारल्यावर घरच्यांनी काय द्यायचं, हे त्यात तीन भागांत लिहा : मृत्युपत्र असेल तर काय, मृत्युपत्र नाही पण सगळे वारस एकमताचे असतील तर काय, आणि वाद असेल तर काय. शुल्क किती तेही लिहा. फॉर्ममध्ये ‘पत्नी व मुले’ याच्याबरोबर ‘मयताची आई’ असा रकाना घाला, आणि विवाहित मुलींची नावं वेगळी विचारू नका, त्या मुलांसारख्याच वारस आहेत.

आणि सर्व सभासदांना एक पत्र काढून जुनी नॉमिनेशन तपासायला सांगा. आपल्या इमारतीतले बहुतेक फॉर्म तीस वर्षांपूर्वीचे आहेत. त्यात गेलेल्या आई-वडिलांची, तेव्हाच्या लहान मुलांची नावं आहेत. पहिल्या नॉमिनेशनला शुल्क नसतं आणि नंतर बदलायचं झालं तरी शुल्क किरकोळ आहे. नाव बदलताना सभासदांना हेही सांगा की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ज्याला फ्लॅट द्यायचा आहे त्याच्यासाठी मृत्युपत्र करावं लागतं.

या पत्राची प्रत अर्जाच्या सर्व कागदांसह आज सोसायटीच्या कचेरीत दिली आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.

आपली,
याच इमारतीत वाढलेली, एका दिवंगत सभासदाची मुलगी